ऑनलाइन बूट मागवताय? आधी संध्याकाळी पाय मोजा, मग नंबर बघा

कोजागिरीला सोलापुरातनं तुळजापूरला चालत जायचं म्हणून आमच्या दाजींनी मागच्या वर्षी ऑनलाइन स्पोर्ट शूज मागवले. नंबर टाकला आठ, कारण चप्पल कायम आठ नंबरची घेतात. बूट आले, सकाळी अंघोळ करून घालून बघितले, झकास बसले, लगेच टॅग तोडले आणि बॉक्स रद्दीत. मग कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांबरोबर निघाले आणि तामलवाडीच्या पुढं डावा अंगठा बुटाला पुढनं लागायला लागला, तसंच चालत राहिले, घरी येऊन मोजे काढले तर नख काळंनिळं. दीडेक महिन्यानं ते नख सुटून आलं. आक्का मला फोनवर म्हणाली, अरे बूट तर त्यांच्याच नंबरचे होते की, मग असं कसं झालं?

मी घरी गेलो आणि त्या बुटातला आतला सोल, म्हणजे इनसोल, बाहेर काढून मोजला. भरला २६.६ सेंटीमीटर. दाजींचा डावा पाय सकाळी मोजला तर २५.८, म्हणजे पुढं आठ मिलिमीटर मोकळी जागा, चालतंय. तोच पाय संध्याकाळी ड्युटीवरनं आल्यावर मोजला तर २६.२, म्हणजे जागा उरली फक्त चार मिलिमीटर. आणि एवढं चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालल्यावर पाय अजून सुजतो, त्यात प्रत्येक पावलाला तो बुटात थोडा पुढं सरकतो, मग नख किती वेळा आपटलं असेल विचार करा. बूट खोटा नव्हता, मोजायची वेळ चुकली होती आणि आठ या आकड्यावर नको तेवढा विश्वास टाकला होता. यंदा मी त्यांच्या घरी बसून सगळं मोजून बूट मागवून दिले. पहिल्यांदाच ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी तेच सगळं इथं लिहितोय, आकडे दाजींच्याच पायाचे ठेवलेत म्हणजे समजायला सोपं जाईल.

संध्याकाळीच का

दाजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत पावरलूमवर असतात, दिवसभर उभं राहायचं काम. माणूस उभा राहिला किंवा पाय खाली सोडून बसला की शरीरातलं पाणी हळूहळू पायाकडं उतरतं आणि घोटा, पंजा थोडा फुगतो, शिवाय दिवसभर वजन पडून पायाची कमान जराशी दबते आणि पाय लांब-रुंद होतो. आपल्याकडच्या उन्हात तर रक्तवाहिन्या सैल होतात त्यामुळं हे जास्तच जाणवतं, एप्रिल-मे मध्ये संध्याकाळी चप्पलचा पट्टा रुततो तो याच्यामुळंच. फरक दिसायला बारीक असतो, तीन-चार मिलिमीटर, पण बुटाचा एक अख्खा नंबर म्हणजेच साडेआठ मिलिमीटर असतो, म्हणजे अर्धा नंबर तर इथंच सरकला.

म्हणून कामावरनं आल्यावर साधारण सात-आठ वाजता मोजा. आल्या आल्या पाय उशीवर टाकून तासभर झोपलात आणि मग मोजलं तर उपयोग नाही, सूज उतरलेली असते. गरम पाण्यात पाय बुडवून लगेच पण मोजू नका.

एक गोष्ट मात्र वेगळी. एकच पाय खूप जास्त सुजत असेल किंवा बोटानं दाबल्यावर खड्डा पडून तसाच राहत असेल तर तो बुटाच्या नंबरचा विषय नाही, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि शुगर असून तळपायाला संवेदना कमी असतील तर कृपा करून ऑनलाइन घेऊच नका, कारण बूट लागतोय हे त्या माणसाला कळतच नाही आणि जखम होऊन बसते, दुकानात जाऊन दुसऱ्याच्या हातानं तपासूनच घ्या.

मोजायचं कसं

लागणारं सामान घरातलंच आहे. दोन कोरे ए-फोर कागद, एक बारीक टोकाची पेन्सिल, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक किंवा बुटाचा रिकामा बॉक्स, स्टीलची पट्टी, आणि एक माणूस. माणूस लागतोच, कारण स्वतः वाकून खूण करायला गेलं की वजन हलतं आणि पाय आखडतो, माप कमी येतं.

कागद सपाट फरशीवर ठेवा. जुन्या घरात शहाबादी असेल तर दोन फरश्यांचा सांधा पायाखाली येणार नाही असं बघा, सतरंजीवर किंवा गादीवर तर अजिबात नको, पाय रुतून माप बदलतं. कागदाची अरुंद कड भिंतीला टेकवा आणि टेपनं चिकटवा. बुटात जे मोजे घालणार तेच घाला, चालायला जाड मोजे वापरणार असाल तर जाड.

आता टाच भिंतीला लावून सरळ उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखं वजन, नजर समोर. टाच भिंतीला लागली पाहिजे पण भिंतीवर रेलायचं नाही. दुसऱ्या माणसानं पुस्तक उभं धरून, त्याची सपाट बाजू सगळ्यात पुढं आलेल्या बोटाला हलकेच टेकवायची आणि पुस्तकाच्या बुडाशी कागदावर रेघ मारायची. सगळ्यात पुढं आलेलं बोट म्हणजे अंगठाच असेल असं नाही, बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, आमच्या आक्काचं तसंच आहे आणि तिनं कित्येक वर्षं अंगठ्यापर्यंतच माप धरलं.

पायाभोवती पेन्सिल फिरवून आकार काढायची पद्धत बरेच जण सांगतात, ती लांबीसाठी वापरू नका. टाचेचा मागचा फुगवटा जमिनीपासून थोडा वर असतो आणि पेन्सिल तिरकी झाली की आत घुसते, सरळ धरली तर तिची जाडी दोन्हीकडं वाढते, म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा घोळ सहज. भिंत आणि पुस्तक वापरलं की तो प्रश्नच येत नाही.

मोजताना सगळ्यात जास्त चूक पट्टीत होते. शाळेतल्या प्लॅस्टिकच्या पट्टीचा शून्य अगदी टोकाला नसतो, टोकापासून थोडा आत असतो. दाजींच्या पोरानं, सातवीतल्या, दप्तरातली मोठी पट्टी आणून कागदाच्या कडेला पट्टीचं टोक लावलं आणि २५.७ वाचलं, मी शून्य कडेवर ठेवून बघितलं तर २६.२. तो आधी ऐकेना, मग मी त्याला म्हटलं, हाच कागद लांबीकडनं मोज, ए-फोर २९.७ असतो हे ठरलेलं आहे. त्याला २९.२ आलं आणि त्याचं त्यालाच कळलं. तुम्ही पण पट्टी आधी अशी ए-फोरवर तपासून घ्या, २९.७ आलं तरच पुढं जा. टेलरची टेप जुनी असेल तर ताणून लांब झालेली असते, लांबीला ती नको.

दोन्ही पाय मोजा, प्रत्येक पाय दोनदा, दोन रेघांत दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. दाजींचा डावा २६.२, उजवा २५.९. बूट नेहमी मोठ्या पायाचा घ्यायचा, सैल पायाला लेस आवळता येते, घट्ट बूट कशानं वाढणार?

त्याच कागदावर रुंदी पण टिपून ठेवा, अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं तिथनं करंगळीच्या मुळापर्यंत, पायाच्या दोन्ही बाजूला दोन पुस्तकं उभी धरून मधलं अंतर घ्यायचं. साइटवर रुंदी क्वचितच देतात, पण पंजा पसरट असेल तर वाइड फिट लिहिलेला बूट शोधा. रुंद बसावा म्हणून एक नंबर मोठा घेणं बरोबर नाही, कारण बूट जिथं वाकायला पाहिजे ती जागा पुढं सरकते आणि टाच मागनं उचलायला लागते.

आता नंबरची भानगड

बुटाच्या जिभेवर आतनं लेबल असतं, त्यावर यूके, यूएस, ईयू आणि बऱ्याचदा सीएम असे चार आकडे असतात. आपल्याकडं दुकानात जो सात, आठ, नऊ म्हणतो तो यूकेचाच. हे नंबर आपल्या पायाचे नसतात तर बूट ज्याच्यावर चढवून बनवतात त्या फर्म्याचे असतात, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे.

फर्मा पायापेक्षा लांब असतो, साधारण दीड ते दोन सेंटीमीटरनं, कारण बोटांच्या पुढं जागा लागते आणि बुटाच्या नाकाचा आकारही असतो. ही जादा जागा किती सोडायची ते प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, म्हणूनच एका कंपनीचा आठ आणि दुसरीचा आठ सारखा बसत नाही.

यूके नंबर इंचावर चालतो, एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच. मोठ्यांसाठी हिशोब असा की फर्म्याची लांबी इंचात घ्यायची, तिला तीननं गुणायचं आणि पंचवीस वजा करायचे. ईयू नंबर सेंटीमीटरवर चालतो, फर्म्याची लांबी सेंटीमीटरमध्ये घेऊन दीडनं गुणायचं, झालं. आठ नंबरचा फर्मा अकरा इंचाचा, म्हणजे जवळजवळ २८ सेंटीमीटर, त्याची दीडपट ४२. म्हणून यूके ८ आणि ईयू ४२ ही जोडी सगळीकडं दिसते.

इथनंच लोकांनी एक शॉर्टकट काढलाय, यूके नंबरमध्ये ३४ मिळवा की ईयू नंबर आला. आठला बरोबर येतं, पण दोन्हीची पायरी सारखी नाही, यूकेची साडेआठ मिलिमीटरची आणि ईयूची पावणेसात मिलिमीटरच्या आतली, त्यामुळं आठपासून जेवढं लांब जाल तेवढं बिघडत जातं. आक्काचा नंबर चार. ३४ मिळवले तर ३८, पण हिशोबानं बघा, चार अधिक पंचवीस एकोणतीस, भागिले तीन म्हणजे ९.६७ इंच, म्हणजे साडेचोवीस सेंटीमीटरच्या आसपास, त्याची दीडपट ३७ पेक्षा थोडी कमीच. म्हणजे तिला ३७ पाहिजे आणि शॉर्टकटनं ३८ आला असता, सगळा बूट मागनं निसटत राहिला असता. लेडीज नंबरला ३३ मिळवा, तरी अंदाजच समजा.

यूएस नंबरचं तर विचारूच नका. जेन्ट्सचा यूएस यूकेपेक्षा अर्धा ते एक नंबर जास्त असतो, लेडीजचा दीड ते अडीच जास्त, कंपनीप्रमाणं बदलतो. उदाहरण देतो, जेन्ट्समध्ये नायकेच्या ४२ ईयूच्या लेबलवर यूके ७.५ असतो आणि अडिडासच्या ४२ वर यूके ८, दोन्हीवर यूएस मात्र ८.५. एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावला की अर्धा नंबर हुकलाच समजा. म्हणून बदलायचा हिशोब नुसता अंदाज यायला करा, ऑर्डर मात्र त्या बुटाच्या पानावर दिलेल्या त्याच कंपनीच्या तक्त्यावरनंच द्या, आणि त्या तक्त्यात नंबर शोधायच्या आधी सेंटीमीटरचा रकाना शोधा.

लहान मुलांचं थोडक्यात सांगतो. यूकेमध्ये लहानांचा नंबर १३ पर्यंत जातो आणि पुढं परत १ पासून सुरू होतो, म्हणजे १३ च्या नंतरचा १ हा मोठा असतो. पानावर किड्स लिहिलंय की ज्युनियर ते वाचल्याशिवाय २ किंवा ३ नंबर टाकू नका.

सेंटीमीटर कशाचे, पायाचे की बुटाचे

सगळ्यात जास्त बूट इथंच परत जातात. काही तक्त्यात फुट लेंथ असते, म्हणजे तुमच्या पायाची लांबी. त्यात जागा कंपनीनं आधीच धरलेली असते, तुम्ही वर काही मिळवायचं नाही. काही तक्त्यात इनसोल लेंथ असते, म्हणजे बुटाच्या आतल्या सोलची, त्यात जागा तुम्हाला धरायची असते. आणि काही स्वस्तातले विकणारे आउटसोल मोजून टाकतात, म्हणजे बुटाचं बाहेरचं बूड, त्यावरनं काहीच ठरवता येत नाही.

दाजींसाठी आम्ही दोन बूट बघितले. पहिल्याच्या तक्त्यात फुट लेंथ होती, यूके ७ पुढं २६.० आणि ८ पुढं २६.८. पाय २६.२, सातच्या वर गेला, म्हणून आठ. काही मिळवलं नाही, मिळवलं असतं तर नऊ आला असता आणि बूट ढगळ झाला असता. दुसऱ्याच्या तक्त्यात इनसोल लेंथ होती, ७ पुढं २६.५, ८ पुढं २७.३, ९ पुढं २८.१. इथं पायाच्या २६.२ मध्ये एक सेंटीमीटर मिळवायचं, २७.२ झाले, म्हणजे परत आठ. पण कुणी न वाचता २६.५ ला पायाची लांबी समजून सात घेतला असता तर पुढं फक्त तीन मिलिमीटर उरले असते, म्हणजे मागच्या वर्षीपेक्षाही वाईट. रोजच्या वापराला आठ ते दहा मिलिमीटर, लांब चालायला दहा ते बारा धरा.

तक्त्यावर काहीच लिहिलं नसेल तर आकड्यावरनं ओळखता येतं. यूके ८ पुढं २६ ते २७ च्या मधला आकडा असेल तर बहुतेक पायाची लांबी, २७ च्या वर ते पावणेअठ्ठावीसपर्यंत असेल तर इनसोल, आणि २९-३० असेल तर बाहेरचं बूड मोजलंय. तरी शंका असेल तर त्याच पानावर प्रश्न विचारायची सोय असते तिथं विचारा, इनसोल किती सेंटीमीटर आहे म्हणून, उत्तर आलं नाही तर तो बूट सोडून द्या.

तक्ताच नसेल, नुसता ईयू नंबर असेल तर उलटा हिशोब करा. पाय २६.२ त्यात दीड मिळवा, २७.७, त्याची दीडपट साडेएक्केचाळीस, वरचा घ्या म्हणजे ४२. आणि दोन नंबरच्या मधोमध आलात तर बंद बुटाला वरचाच घ्यायचा, सँडलला खालचा चालतो.

बॉक्स आल्यावर

ऑर्डर करायच्या आधीच बघून ठेवा, परत घेतात की नुसता नंबर बदलून देतात आणि किती दिवसात. बॉक्स आला की लगेच घालायची घाई नको, संध्याकाळपर्यंत थांबा. खाली आपली सोलापुरी चादर अंथरा, तळ घासला किंवा मातीचा झाला तर परत घेत नाहीत, टॅग आणि बॉक्स तसाच ठेवा.

आधी इनसोल निघत असेल तर बाहेर काढून त्यावर मोजे घालून उभं राहा, टाच मागच्या कडेला बरोबर ठेवून. पुढं किती जागा उरते ती डोळ्यांनी दिसते, पट्टीनं मोजा, आणि पंजा दोन्हीकडनं इनसोलच्या बाहेर ओघळतोय का ते पण बघा, ओघळत असेल तर बूट अरुंद आहे, लांबी बरोबर असून उपयोग नाही. मग इनसोल परत घालून लेस पूर्ण बांधा आणि घरातच पंधरा-वीस मिनिटं फिरा, जिना असेल तर चार-पाच वेळा उतरा. उतरताना बोटं पुढं आपटली तर लहान आहे. चालताना टाच मोज्यावर घासत वर-खाली होत असेल तर मोठा आहे, किंवा लेस वरच्या भोकापर्यंत घातलेली नाही, आधी तेवढं करून बघा. वापरून सैल होईल असं म्हणून घट्ट बूट ठेवून घेऊ नका, वरचं कापड किंवा चामडं रुंदीला थोडं पसरतं, लांबी वाढत नाही.

दाजींचे यंदाचे बूट आले तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. त्यांनी घातले आणि म्हणाले, जरा मोठे वाटायलेत की रे. मी इनसोल काढून त्यांना त्यावर उभं केलं, डाव्या अंगठ्याच्या पुढं अकरा मिलिमीटर निघाले. मग जिन्यावरनं खाली जाऊन आले, परत गेले, तिसऱ्यांदा आले तेव्हा आक्कानं विचारलं, लागतंय का कुठं? नाही म्हणाले. मग टॅग तोडले. मापाचा कागद तारीख टाकून आक्कानं कपाटात आतल्या बाजूला चिकटवलाय, पुढच्या कोजागिरीच्या आधी परत मोजायचं ठरलंय, कारण वय वाढलं, वजन वाढलं की मोठ्या माणसाचा पाय पण पसरतो.